साध्या मजकुराचा बायोडाटा

मागच्या महिन्यात गंगाखेडहून भाची आली होती. दोन दिवस राहणार म्हणून आली आणि चार दिवस राहिली, कारण तिचा बायोडाटा. तिने बी.एस्सी. कृषी केलंय, इथेच परभणीला, आपल्या कृषी विद्यापीठातून. एका हंगामात सोयाबीनच्या बीजोत्पादनाचं कामही केलंय. वर्षभर ऑनलाइन अर्ज भरते आहे. कुठूनही उत्तर नाही. नकारसुद्धा नाही. ताईला वाटतं पोरगी नीट प्रयत्न करत नाही, पोरीला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. मला सुरुवातीला काहीच वाटत नव्हतं. नोकऱ्याच कमी आहेत, असं म्हणून मी विषय टाळत होतो.

मग ती म्हणाली, "मामा, मी भरलेल्या एका अर्जाची प्रिंट काढून ठेवलीय, तुम्ही एकदा बघता का?"

बघितली. आणि जे बघितलं त्यावर हा लेख आहे. नात्यातली तीन-चार पोरं सध्या याच कामात आहेत, आणि ती हे पान वाचतात हे मला माहीत आहे (कमेंट करत नाहीत, पण वाचतात :-)). म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या प्रिंटवर शिक्षणाच्या चौकटीत हे असं छापलेलं होतं:

```
2022
2018
2016	B.Sc. (Hons.) Agriculture
HSC (Science)
SSC
```

पुन्हा एकदा वाचा. यातून कोणाला काय कळेल? की या मुलीने २०१६ साली पदवी घेतली. बारावी आणि दहावी कधी झाली ते सांगितलेलं नाही, आणि वर दोन वर्षं उगाच लोंबकळत आहेत. प्रत्यक्षात २०१६ ला ती दहावी झाली, २०१८ ला बारावी आणि चार वर्षांनी, २०२२ ला, पदवी. जाहिरातीत "२०२० नंतर पदवी घेतलेले" अशी अट असेल, तर ही प्रिंट वाचणाऱ्या माणसाने तिला बाजूला ठेवलं तर त्याचं काय चुकलं? त्याने वाचलं तेच खरं मानलं.

आता हे झालं कसं? तिच्याकडे बायोडाट्याची वर्डची फाइल होती, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका डीटीपीवाल्याकडून करून घेतलेली. दिसायला फार सुंदर. निळी पट्टी, बाजूला फोटो, शिक्षणाला टेबल. पण ते टेबल खरं टेबल नव्हतंच. एकच ओळ, दोन खण. डावीकडच्या खणात एंटर मारत मारत तीन वर्षं एकाखाली एक लिहिलेली, उजवीकडच्या खणात तीन परीक्षा एकाखाली एक. डोळ्याला ती समोरासमोर दिसतात. पण वर्डमधून कॉपी करून साध्या चौकटीत पेस्ट केलं की आधी डावा खण पूर्ण उतरतो, मग मध्ये एक टॅब येतो, मग उजवा खण पूर्ण उतरतो. म्हणून डाव्या खणातली शेवटची गोष्ट (२०१६) आणि उजव्या खणातली पहिली गोष्ट (पदवी) एका ओळीत शेजारी शेजारी आल्या. कोणी खोटं लिहिलं नाही. यंत्राने फक्त खण ज्या क्रमाने होते त्या क्रमाने वाचले.

डीटीपीवाल्यांवर माझा राग नाही. लग्नपत्रिका, बायोडाटा, दुकानाचा बोर्ड, सगळं ते एकाच नजरेने करतात, आणि ती नजर कागदाची असते. कागदावर ते बरोबरच आहे. पण अर्जातली चौकट म्हणजे कागद नव्हे. तिला ठळक अक्षर कळत नाही, रंग कळत नाही, खण कळत नाही. तिला एकामागून एक येणारी अक्षरं कळतात, बस्स. तिला टॅबसुद्धा दिसतो तो एक मोकळी जागा म्हणून, आणि पलीकडे वाचणाऱ्याच्या पडद्यावर तर बऱ्याचदा त्या जागेचं एका साध्या स्पेसमध्ये रूपांतर झालेलं असतं.

प्रिंटवर अजून दोन गमती होत्या. गमती म्हणायचं, रडायचं तरी किती.

एक म्हणजे कामाच्या अनुभवाच्या प्रत्येक ओळीआधी Ø हे चिन्ह. ती म्हणाली, "मी तर बाण दिला होता." दिला होताच. वर्डमध्ये तो जो भरीव टोकाचा बाण बुलेट म्हणून मिळतो तो विंगडिंग्ज नावाच्या फाँटातला असतो. त्या फाँटात खरी अक्षरं नाहीत, चित्रं आहेत. Ø या अक्षराच्या जागी बाणाचं चित्र बसवलेलं आहे. फाँट गेला की चित्र जातं आणि मूळ अक्षर उघडं पडतं. चौकोनी बुलेट असेल तर § दिसतं, बरोबरची खूण असेल तर ü दिसतं. तुमच्या अर्जात ही तीन चिन्हं कुठे दिसली तर समजा की बुलेट वर्डमधून आल्यात.

दुसरी गंमत जास्त वाईट. अनुभवाच्या चौकटीत शेवटची ओळ "Maintained rec" इथे संपत होती. पुढे काही नाही. त्या चौकटीला २५० अक्षरांची मर्यादा होती. टाइप करताना मर्यादा आली की अक्षर उमटायचं थांबतं, ते आपल्या लक्षात येतं. पण पेस्ट करताना ब्राउझर २५० अक्षरं घेतो आणि उरलेली गुपचूप टाकून देतो. आवाज नाही, लाल रंग नाही, सूचना नाही. चौकट लहान असल्यामुळे तिला फक्त पहिल्या तीन ओळी दिसत होत्या. खाली काय कापलं गेलं ते दिसलंच नाही.

"म्हणजे मामा, वर्षभर हेच कट व्हायलंय?"

काय उत्तर देणार? सगळ्या अर्जांच्या प्रिंट तिने ठेवलेल्या नाहीत. ती एकच होती. बाकीच्यांत काय गेलं ते आता कळायला मार्ग नाही. नोकरी या कारणानेच मिळाली नाही असंही मी म्हणणार नाही, ते खरं असेलच असं नाही. पण जे तिने केलंय ते निदान जसंच्या तसं पोहोचायला नको का?

मी आधी काय केलं तेही सांगतो, कारण ते चुकलं. वर्डमध्ये जाऊन "Save As" मध्ये Plain Text (*.txt) निवडलं. वर्ड त्या वेळी एक खिडकी उघडतो, त्यात कोणत्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करायचं ते विचारतो, आणि खाली नमुना दाखवतो. जे अक्षर टिकणार नाही ते तिथे लाल रंगात दिसतं. ही सोय चांगली आहे. पण तिथेच "Insert line breaks" असा एक पर्याय आहे, तो चुकून टिक झाला तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कायमचा एंटर पडतो. मग अर्जाच्या चौकटीची रुंदी वेगळी असली की वाक्यं मध्येच तुटतात, एक लांब ओळ, एक तोकडी ओळ, दाताळ्यासारखी. आणि मुख्य म्हणजे या सगळ्या उपद्व्यापानंतरही २०१६ पदवीच्या शेजारीच बसलेलं होतं. शिवाय तिचा फोन नंबर आणि ईमेल कुठेच नव्हता! ते दोन्ही पानाच्या वरच्या हेडरमध्ये लिहिलेले होते. हेडर हा मजकुराचा भागच धरला जात नाही. Ctrl+A करून कॉपी केलं तरी तो येत नाही. ज्या अर्जात "इथे तुमचा रेझ्युमे पेस्ट करा" अशी एकच मोठी चौकट असते, तिथे नाव-पत्ता नसलेला बायोडाटा गेला असणार.

तेव्हा माझं मत ठाम झालं. सुंदर फाइलीतून साधी फाइल काढायची नाही. उलट करायचं. आधी साधी फाइल लिहायची, हाताने, कोऱ्या नोटपॅडमध्ये. मग ज्याला पाहिजे त्याने तिच्यावरून सुंदर फाइल बनवावी. एका पानाचा तर मजकूर असतो, टाइप करायला असा किती वेळ लागतो? साफ करायला त्याहून जास्त लागतो आणि तरी काहीतरी राहतंच.

भाचीचा विरोध होता. "मामा, पीडीएफ पण जोडतोच की आपण. ते बघतीलच ना." बघतील, पण कधी? अर्ज शेकड्याने येतात, तेव्हा चाळणी लागते ती चौकटींत भरलेल्या माहितीवर. वर्ष, पदवी, जिल्हा, अनुभव. पीडीएफ उघडतो तो चाळणीतून वर राहिलेल्यांचा. काही ठिकाणी तर यंत्र पीडीएफ वाचून स्वतःच चौकटी भरतं, आणि तिथेही त्या दोन खणांच्या टेबलाचं तेच होऊ शकतं.

तर आम्ही बसलो. शिक्षणापासून सुरुवात केली.

```
EDUCATION

B.Sc. (Hons.) Agriculture, 2022
Vasantrao Naik Marathwada Krishi Vidyapeeth, Parbhani
CGPA 7.84 out of 10

HSC (Science), 2018

SSC, 2016
```

यात काहीच विशेष नाही, आणि तेच विशेष आहे. वर्ष ज्या गोष्टीचं आहे तिच्याच ओळीत, स्वल्पविराम देऊन. म्हणजे मध्ये कितीही जागा दाबली गेली तरी वर्ष आपल्या पदवीला सोडणार नाही. ठळक अक्षरं नाहीत म्हणून मथळा मोठ्या लिपीत, आणि दोन गोष्टींमध्ये एक मोकळी ओळ. तिला ओळीने ----- किंवा * अशी नक्षी काढायची होती, ती मी काढू दिली नाही. चौकट लहान असली की ती नक्षी दोन ओळींत मोडते, आणि प्रत्येक चांदणी मर्यादेतलं एक अक्षर खाते.

विद्यापीठाच्या नावावर आमचं थोडं अडलं. ती सगळीकडे VNMKV एवढंच लिहायची. मी म्हटलं, परभणीबाहेर हे कोणाला कळणार? पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाला किंवा शोधणाऱ्या यंत्राला पूर्ण नाव पाहिजे. आणि आपल्याकडे नावाची अजून एक भानगड आहे. १९७२ साली स्थापन झालं तेव्हापासून ते मराठवाडा कृषी विद्यापीठ होतं, २०१३ मध्ये वसंतराव नाईकांचं नाव लागलं. माझ्या वयाच्या लोकांच्या पदव्यांवर जुनं नाव आहे. ज्यांची पदवी २०१३ आधीची आहे त्यांनी प्रमाणपत्रावर आहे तेच नाव लिहावं आणि पुढे "now Vasantrao Naik Marathwada Krishi Vidyapeeth" असं जोडावं, म्हणजे पडताळणी करणाऱ्याला दोन वेगळी विद्यापीठं वाटणार नाहीत. (तसंच जिल्ह्याचं. हिंगोली आपल्यातून १९९९ च्या १ मे ला वेगळं झालं. वसमत-कळमनुरीकडच्या आधी जन्मलेल्यांच्या दाखल्यावर जिल्हा परभणी आहे आणि आधार कार्डावर हिंगोली. जन्माच्या जिल्ह्याची चौकट आली की दाखल्यावर आहे तेच लिहायचं. असो, विषय लांबला.)

मग अनुभव. इथे खरा वेळ गेला, आणि इथेच मला साध्या मजकुराची किंमत कळली.

डीटीपीवाल्या बायोडाट्यात अनुभवाच्या चार बुलेट होत्या. "Responsible for various field activities", "Good team coordination with farmers & staff", अशा थाटाच्या. बाण, ठळक अक्षरं आणि निळी पट्टी होती तोवर ते भरघोस दिसत होतं. नोटपॅडमध्ये तेच शब्द उघडे करून ठेवले तर आत काही नव्हतंच. मी तिला विचारलं, "तू रोज सकाळी उठून नेमकं काय करायचीस?"

ती सांगत गेली. बेचाळीस शेतकऱ्यांचे प्लॉट तिच्याकडे होते, गंगाखेड आणि पालम तालुक्यात. फुलोऱ्यात शेतातून फिरायचं आणि फुलांचा रंग बघायचा. जांभळ्या फुलांच्या वाणात पांढऱ्या फुलाचं झाड दिसलं की ते भेसळीचं, उपटून बाहेर काढायचं. फुलोरा संपला की हा फरक दिसत नाही, म्हणून ते दिवस फार धावपळीचे. प्रत्येक प्लॉटची नोंद संध्याकाळी एक्सेलमध्ये. मी म्हटलं, अगं हे लिही ना! तर म्हणे, "हे तर साधं काम आहे, हे काय लिहायचं?"

हेच लिहायचं. आम्ही ते असं लिहिलं:

```
Field assistant, soybean seed production, June to November 2023. Looked after plots of 42 growers in Gangakhed and Palam talukas. Removed off-type plants at flowering by flower colour. Kept plot records in Excel.
```

ही २१२ अक्षरं झाली, स्पेस आणि विरामचिन्हं धरून. २५० च्या चौकटीत आरामात बसतात आणि थोडी जागा उरते. ती उरू द्यायची. कारण चार वाक्यांमध्ये कोणी एंटर मारले, तर ब्राउझर एक एंटर एक अक्षर मोजतो आणि पलीकडची यंत्रणा कधी कधी तोच एंटर दोन अक्षरं म्हणून मोजते. काठोकाठ भरलं की सांडतं. शिवाय वाक्यं अशा क्रमाने लावली आहेत की शेवटचं कापलं गेलं तरी नुकसान कमी होईल. एक्सेल गेलं तर गेलं, बेचाळीस शेतकरी राहिले पाहिजेत.

पहिल्यांदा तिने "42 growers' plots" लिहिलं होतं. तो अपॉस्ट्रॉफी मी काढायला लावला. कारण दोन. वर्डमध्ये लिहिलं की सरळ अपॉस्ट्रॉफी आपोआप वाकडा होतो, आणि पलीकडची यंत्रणा जुनी असली की त्या जागी â€™ असं काहीतरी भूत उगवतं. दोन तारखांमधली लांब रेघही अशीच, तिचं â€“ होतं. म्हणून "June to November" असं शब्दात लिहिलं. दुसरं कारण असं की काही अर्ज अपॉस्ट्रॉफी, & किंवा < अशी चिन्हं आली की "अवैध अक्षर" म्हणून सगळंच परत पाठवतात, आणि कोणतं अक्षर ते सांगत नाहीत. & च्या जागी and लिहिलं तर दोन अक्षरं जास्त जातात, पण रात्री साडेअकराला मुदत संपत आलेली असताना अवैध अक्षर शोधत बसावं लागत नाही.

फोन नंबरही नोटपॅडमध्ये वेगळ्या ओळीत ठेवला, दहा आकडे, मध्ये जागा नाही. आपण नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून लिहितो ना, तो तसाच दहा अक्षरांच्या चौकटीत पेस्ट केला की मधली जागा एक अक्षर खाते आणि शेवटचा आकडा बाहेर पडतो. नऊ आकड्यांचा नंबर! चांगला अर्ज असेल तर तो अडवतो. नसेल तर नऊ आकडे घेऊन पुढे जातो आणि आपण घरी फोनची वाट बघत बसतो.

इथपर्यंत इंग्रजी झालं. आता मराठी, आणि इथे आपली खास पंचाईत आहे.

तिच्याकडे मराठी बायोडाटाही होता, एका स्थानिक संस्थेसाठी केलेला. त्यातला पत्ता अर्जात पेस्ट केला तर काय आलं सांगू? परभणीच्या जागी हे:

```
ijHk.kh
```

जुन्या ब्लॉगर मंडळींना हे बघून गहिवरून येईल. हा कृतिदेव फाँट. यात "प" हे अक्षर नसतंच, i या इंग्रजी अक्षरावर प चं चित्र बसवलेलं असतं, j वर र चं, Hk मिळून भ, .k मिळून ण आणि h म्हणजे दुसरी वेलांटी. म्हणजे पुन्हा तीच विंगडिंग्जच्या बाणाची गोष्ट, फक्त या वेळी सगळी भाषाच चित्रांची. शिवाजी, श्रीलिपीचे जुने फाँट, सगळ्यांची कथा हीच, फक्त प्रत्येकाची चित्रं वेगळ्या अक्षरांवर. आपण २००५-०६ च्या सुमारास बरहा आणि गमभनवर युनिकोडमध्ये लिहायला लागलो आणि वाटलं की हा प्रश्न संपला. ब्लॉगवर संपला. छपाईच्या दुकानांत अजून नाही, कारण तिथल्या माणसाचे हात त्या कळफलकावर बसलेले आहेत आणि कागदावर सगळं बरोबर छापतं.

फाँट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. मी वापरून बघितले. रफार आणि पहिली वेलांटी या दोन ठिकाणी ते चुकतात, कारण कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. लांब मजकूर असेल तर कन्व्हर्टर वापरा आणि नंतर वेलांट्या तपासा. पत्ता आणि दहा ओळींचा बायोडाटा असेल तर सरळ मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर टाइप करून स्वतःला मेल करा. भाचीचा मराठी बायोडाटा वीस मिनिटांत झाला.

पण मराठीत मोजणी वेगळी आहे, ते तिला पटवायला वेळ लागला. "वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ" हे डोळ्याने मोजलं तर स्पेस धरून तेवीस अक्षरं भरतात. चौकट मात्र छत्तीस मोजते, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त, प्रत्येकाला ती वेगळं अक्षर धरते. नुसता "द्या" घेतला तर द, हलन्त, य आणि काना, म्हणजे चार. आता संस्थेच्या नावाची चौकट तीस अक्षरांची असेल तर त्यात काय उरतं बघा: "वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद". विद! आम्ही दोघं त्यावर बराच वेळ हसलो. मग तिने गंभीरपणे विचारलं की असं कुठे गेलं असेल का. मी विषय बदलला.

आकडेही लक्षात ठेवा. मराठी कीबोर्डवर पिनकोड टाइप केला तर तो ४३१ असा देवनागरीत पडतो. ज्या चौकटीला फक्त 0 ते 9 कळतात ती हे आकडे आकडेच मानत नाही. म्हणून मराठी फाइलमध्येसुद्धा फोन, पिनकोड, टक्के हे इंग्रजी आकड्यांत ठेवावेत.

फाइल सेव्ह करताना Encoding मध्ये UTF-8 आहे ना ते बघा. २०१९ नंतरच्या विंडोज १० वर आणि पुढे नोटपॅड हे आपोआप करतो. पण नेट कॅफेतल्या जुन्या मशीनवर तिथे ANSI असतं. मराठी फाइल तशी सेव्ह करायला गेलं की तो एकदा विचारतो, अक्षरं जातील, चालेल का? आपण सवयीने ओके म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की सगळीकडे ???? असतं. ते परत आणता येत नाही. कृतिदेवाचं गिचमीड निदान उलगडता तरी येतं, प्रश्नचिन्हांच्या आत काहीच शिल्लक नसतं.

शेवटी आम्ही तपासणीची एक पद्धत ठरवली. फाइलमध्ये प्रत्येक चौकटीचा मजकूर वेगळा, वर त्याची अक्षरसंख्या लिहिलेली. पेस्ट केल्यावर चौकटीत क्लिक करून Ctrl+End दाबायचं, म्हणजे कर्सर मजकुराच्या शेवटाला जातो आणि शेवटचा शब्द पूर्ण आहे की नाही ते दिसतं. आणि सबमिट करायच्या आधी जो प्रिव्ह्यू येतो तो दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचायचा. स्वतः वाचला तर डोळा आपल्या मनातलं वाचतो, समोरचं नाही. भाचीने हा नियम लगेच अमलात आणला. आता अर्ज भरला की ती प्रिव्ह्यूचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवते आणि मी तो ताईला वाचून दाखवतो. ताईला इंग्रजी फारसं कळत नाही, पण परवा ती ऐकता ऐकता म्हणाली, "बेचाळीस शेतकरी? ही मला कधी बोलली नाही."